पीपीएम ते मायक्रोग्रॅम: २२.४ घ्यावे, २४.४५ घ्यावे की तापमान-दाबावरून काढावे?

हवेतील वायुरूप प्रदूषकाची संहती पीपीएममधून मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये नेण्याचे सूत्र एकच असले, तरी त्यात मोलर आकारमान म्हणून कोणता आकडा घालायचा याबाबत पाठ्यपुस्तके आणि सोडवलेल्या प्रश्नपत्रिका एकमेकांशी जुळत नाहीत. गेटसारख्या परीक्षेत उत्तर थेट संख्येने भरायचे असते आणि ते ठरावीक मर्यादेत बसले तरच गुण मिळतात. त्यामुळे २२.४ आणि २४.४५ यांच्यातील नऊ टक्क्यांचा फरक तिथे पूर्ण गुण घालवू शकतो. प्रचलित तीन पर्याय एकाच उदाहरणावर लावून पाहिले, की कोणता कुठे चालतो हे स्पष्ट होते.

सूत्र असे आहे:

```
C = ppm × M × 1000 / V
```

येथे C ही मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमधील संहती, M हा वायूचा रेणुभार आणि V हे एक मोल वायूचे लिटरमधील आकारमान होय. पीपीएम हे आकारमानाचे, म्हणजेच रेणूंच्या संख्येचे गुणोत्तर आहे. हवा तापली, प्रसरण पावली किंवा डोंगरावर विरळ झाली, तरी दहा लाख रेणूंमागे ओझोनचे किती रेणू आहेत हे बदलत नाही. मात्र एका घनमीटरात मावणारे एकूण रेणू बदलतात आणि त्यांच्याबरोबर मायक्रोग्रॅमचा आकडाही बदलतो. सगळा गोंधळ V मध्ये आहे, तो यामुळेच.

पहिला पर्याय २२.४ लिटरचा. हे ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला असलेले आकारमान असून, रसायनशास्त्रात ते इतके पाठ झालेले असते की हात आपोआप त्याच्याकडे वळतो. दुसरा पर्याय २४.४५ लिटरचा, म्हणजे २५ अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाचा. तिसऱ्या पर्यायात आदर्श वायू समीकरणातून प्रत्यक्ष तापमान आणि प्रत्यक्ष दाब घालून V काढायचे असते.

उदाहरण महाबळेश्वरचे घेऊ. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने तिथला हवेचा दाब साधारण ८६ किलोपास्कल धरता येतो. हिवाळ्यातील तापमान १५ अंश सेल्सिअस आणि ओझोनची संहती ०.०५ पीपीएम आहे, असे उदाहरणापुरते समजू. ओझोनचा रेणुभार ४८. तिसऱ्या पर्यायाने आकारमान असे येते:

```
V = 8.314 × 288 / 86 = 27.84 L
C = 0.05 × 48 × 1000 / 27.84 = 86.2
```

तिन्ही उत्तरे शेजारी ठेवली, तर चित्र असे दिसते:

| पर्याय | V (लिटर) | ओझोन (मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) |
|---|---|---|
| ० अंश, १ वातावरण | २२.४ | १०७.१ |
| २५ अंश, १ वातावरण | २४.४५ | ९८.२ |
| १५ अंश, ८६ किलोपास्कल | २७.८४ | ८६.२ |

भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. म्हणजे त्याच हवेला पहिला पर्याय मर्यादेबाहेर टाकतो, दुसरा काठावर ठेवतो आणि तिसरा निर्धास्त आत बसवतो. यातला २२.४ चा आकडा इथे सरळ चुकीचा आहे, कारण ही हवा ० अंशाला नाही आणि प्रश्नानेही ती स्थिती मागितलेली नाही. उरलेले दोन्ही आकडे मात्र बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. महाबळेश्वरच्या एका घनमीटर हवेत प्रत्यक्षात किती ओझोन आहे, याचे उत्तर ८६.२. हीच हवा संदर्भ-स्थितीला आणली तर संहती किती भरेल, याचे उत्तर ९८.२. मानकाशी ताडून पाहायचे असेल, तर मानक ज्या स्थितीसाठी लिहिलेले आहे त्याच स्थितीत आकडा आणावा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची संदर्भ-स्थिती २५ अंश आणि ७६० मिलिमीटर पारा अशी आहे, तर युरोपीय संघ वायूंसाठी २० अंश धरतो. त्यामुळे एक पीपीबी ओझोन अमेरिकी हिशेबाने १.९६, तर युरोपीय हिशेबाने जवळजवळ २.०० मायक्रोग्रॅम भरतो.

मानकामागे कोणते V आहे, हे कधी कधी मानकावरूनच ओळखता येते. अमेरिकेचे कार्बन मोनॉक्साइडचे एका तासाचे मानक ३५ पीपीएम असून ते ४० मिलिग्रॅम प्रति घनमीटर असेही लिहिले जात असे. ३५ ला २८ ने गुणून २४.४५ ने भागले की ४०.१ येते. २२.४ ने भागले, तर ४३.८ येते. कोणत्या आकड्याने हिशेब केला होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

निवड करताना मी प्रश्नाचे वाक्य आधी पाहतो. तापमान आणि दाब दिलेले असतील, तर ते वापरण्यासाठीच दिलेले असतात, म्हणून तिसरा पर्याय घ्यावा. काहीच दिले नसेल, तर २५ अंश आणि १ वातावरण धरून तसे उत्तरपत्रिकेत लिहावे. २२.४ केवळ ० अंशाचा स्पष्ट उल्लेख असेल तेव्हाच वापरावे. ‘एसटीपी’ किंवा ‘एनटीपी’ एवढीच अक्षरे असतील, तर जपून राहावे, कारण ‘एनटीपी’ कुठे ० अंशासाठी तर कुठे २० अंशासाठी वापरतात. शिवाय १९८२ पासून रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्याख्येत ‘एसटीपी’चा दाब १ बार असल्याने ते आकारमान २२.७ लिटर होते. पाठांतर एकच ठेवायचे असेल, तर २२.४ ला निरपेक्ष तापमान भागिले २७३ आणि १०१.३ भागिले दाब या दोन गुणोत्तरांनी गुणावे. वरच्या उदाहरणात हा गुणाकार २७.८ देतो आणि दोन वेगळे स्थिरांक लक्षात ठेवावे लागत नाहीत.

उत्तर तपासण्याची एक साधी खूण आहे. २५ अंशाला पीपीबीतून मायक्रोग्रॅममध्ये जाताना गुणक म्हणजे रेणुभार भागिले २४.४५. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा रेणुभार २४.४५ पेक्षा जास्त असल्याने आकडा वाढायला हवा. अमोनियाचा रेणुभार १७ असल्याने तिथे तो घटतो. उत्तर हजारपटीने चुकले असेल, तर पीपीएम आणि पीपीबी यांची गल्लत झालेली असते. पाण्याच्या प्रकरणातून आलेला ‘एक पीपीएम म्हणजे एक मिलिग्रॅम प्रति लिटर’ हा नियम हवेला लावला, तर ओझोनसाठी चूक सुमारे पाचशे पटींची होते. पीएम १० आणि पीएम २.५ या धूलिकणांना रेणुभारच नसल्याने त्यांच्यासाठी हे रूपांतर मुळात लागूच होत नाही.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या बाबतीत मात्र V बरोबर घेऊनही उत्तर चुकू शकते. २० पीपीबी नायट्रिक ऑक्साइड आणि ३० पीपीबी नायट्रोजन डायऑक्साइड असेल, तर बेरीज ५० पीपीबी होते. ती नायट्रोजन डायऑक्साइडच्या रूपात मांडण्याच्या रीतीप्रमाणे ४६ च्या रेणुभाराने बदलली, तर ९४ मायक्रोग्रॅम येतात. दोन्ही वायू आपापल्या रेणुभाराने, म्हणजे ३० आणि ४६ ने, वेगवेगळे बदलून बेरीज केली, तर ८१ च येतात. म्हणून बेरीज आधी पीपीबीत करावी आणि नंतरच ४६ ने रूपांतर करावे.