प्रोपिलबेंझिन हवंय: अल्किलीकरण की असिलीकरण?

बेंझिनवर तीन कार्बनची सरळ साखळी बसवायची आहे. सरळ वाटणारा रस्ता म्हणजे 1-क्लोरोप्रोपेन आणि AlCl₃. पण क्लोरिन सुटू लागला की टोकाच्या कार्बनवर धनभार येतो आणि तो तिथे टिकत नाही. शेजारचा हायड्रोजन आपले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन सरकतो, धनभार मधल्या कार्बनवर जातो आणि हाती बरंचसं आयसोप्रोपिलबेंझिन येतं.

प्रोपॅनॉइल क्लोराइड घेतलं तर AlCl₃ क्लोराइड ओढून घेतो आणि CH₃CH₂C≡O⁺ हा असिलियम आयन उरतो. ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनजोडी देऊन कार्बनचं अष्टक पूर्ण करतो. इथे हायड्रोजन सरकला तर हा आधारच जाईल, म्हणून तो सरकत नाही. बेंझिन हल्ला करतं, H⁺ सुटतो, प्रोपिओफिनोन तयार होतं. मग झिंक अमाल्गम आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने C=O चं CH₂ केलं की सरळ साखळी मिळते.

एक पायरी जास्त, शिवाय AlCl₃ किटोनला चिकटून बसतो, म्हणून तो एक मोलपेक्षा थोडा जास्तच लागतो. तरी मी हाच रस्ता धरेन. अपवाद पिव्हॅलॉइल क्लोराइडचा: त्याचा आयन CO गमावून तृतीयक ब्युटिल आयन होऊ शकतो.