खारं पाणी गोड करणारं मशीन घेताय? आधी हे वाचा

आमचं गाव अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरला पाणी आहे पण खारं. गोठ्यात दुधाच्या गाई, थोड्या शेळ्या, आणि उन्हाळा लागला की गाईंचं शेण पातळ व्हायचं, दूध उतरायचं. अशात एक जण चुंबकाचं मशीन घेऊन आला, पाइपला बसवायचं, लाइट नको, खर्च नको.

त्याने आधी दोन ग्लासात सळया घालून करंट सोडला. आमच्या बोअरच्या ग्लासात तपकिरी गाळ आला, बाटलीच्या पाण्यात काही नाही. म्हणाला बघा दादा, हे तुमची गाय पिते. अहो, तो गाळ पाण्यातला नव्हताच, लोखंडाची सळई झिजून झालेला गंज होता. खाऱ्या पाण्यातून करंट नीट वाहतो म्हणून तिथे गंज सुटतो, बाटलीच्या पाण्यात क्षारच कमी, म्हणून ते स्वच्छ दिसतं. मग मीटर लावून बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ४२०० दाखवला आणि मशीनमधून काढलेल्या पाण्याचा ३८०. मशीनमध्ये पाणी मात्र त्याने स्वतःच्या कॅनमधून ओतलं होतं. १८ हजार गेले.

नंतर आमच्याच मीटरने हौदातलं पाणी तपासलं तर तेच ४२०० च्या आसपास. फोन केला तर म्हणे टीडीएस कमी होत नाही, पाण्याची रचना बदलते. मग ३८० काय दाखवलं होतं?

साधा हिशोब बघा. ४२०० म्हणजे लिटरमागे ४.२ ग्रॅम क्षार. दुधाची गाय उन्हाळ्यात ७० लिटर सहज पिते, म्हणजे एका गाईमागे रोज जवळपास ३०० ग्रॅम क्षार. मशीनने ते काढले तर ते कुठेतरी साठले पाहिजेत नाहीतर वाहून गेले पाहिजेत. आरओला म्हणून वेस्ट पाण्याचा पाइप असतो, या मशीनला तसलं काहीच नाही, मग क्षार गेले कुठे?

गाई साधारण ३००० टीडीएसपर्यंतचं पाणी निभावतात, ३००० ते ५००० मध्ये सुरुवातीला शेण पातळ होतं, आणि ७००० च्या वर गाभण-दुभत्या जनावराला देऊच नका. कोंबड्यांना ३००० च्या वर गेलं की त्रास सुरू होतो. शेळी दिवसाला ५-७ लिटरच पिते, म्हणून तिला चांगलं पाणी वेगळं साठवणं परवडतं.

आम्ही आता शेततळ्याचं पावसाचं पाणी, टीडीएस २०० च्या आसपास, बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळतो, मिश्रण २२०० ला येतं. शेण घट्ट झालंय. पण शेततळ्यात शेणमूत वाहून येत असेल तर मीटर ते दाखवणार नाही, नायट्रेट आणि जंतू दोन्ही त्याला कळत नाहीत, त्यासाठी निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेतच द्या. आणि कुणी मशीन दाखवायला आला तर पाणी तुमच्या नळाचं, बादली तुमची, मीटर तुमचा, आणि पैसे आठवडाभर वापरून झाल्यावर.