गाडीवरचा उलटा लंबक: पोल प्लेसमेंट की एलक्यूआर?

उलट्या लंबकाचे समीकरण उभ्या स्थितीभोवती रेषीय करून झाले की चार अवस्थांचे चार गेन ठरवायचे उरतात आणि खरा प्रश्न तिथेच उभा राहतो. हे आकडे पोल प्लेसमेंटने काढावेत की एलक्यूआरने? दोन्ही पद्धती लंबक स्थिर करतात, त्यामुळे केवळ सिम्युलेशनचे आलेख पाहून निवड होत नाही. म्हणून एकच गाडी घेऊन दोन्ही रीतींनी गेन काढावेत आणि प्रत्यक्ष यंत्रावर ते काय मागतात हे पाहावे.

गाडी 1 किलोची, काठीच्या टोकाला 0.1 किलोचे वजन, काठी 0.5 मीटर आणि वजनाला नगण्य, घर्षण शून्य धरू. गाडीचे स्थान `x`, उभ्या रेषेपासूनचा कोन `θ` (गाडीच्या धन दिशेला झुकल्यास धन) आणि गाडीवरील बल `F` असेल, तर लहान कोनांसाठी पुढील समीकरणे मिळतात:

```
x'' = F - 0.98 θ
θ'' = 21.56 θ - 2 F
F = -(k1 x + k2 x' + k3 θ + k4 θ')
```

नियंत्रण नसताना पोल 0, 0, +4.64 आणि -4.64 येथे असतात. +4.64 चा अर्थ असा की मोकळ्या सोडलेल्या लंबकाचा झुकाव साधारण 0.15 सेकंदात दुप्पट होतो. रेषीय रूपाला इथे फारसा दोष देता येत नाही. 20 अंशांवरही `sin θ` आणि `θ` यांत केवळ 2 टक्क्यांचा फरक असतो, आणि त्याच्या कितीतरी आधी मोटार किंवा रूळ अपुरा पडतो.

पोल प्लेसमेंटमध्ये आपण पोल सांगतो आणि गेन मिळतात. या गाडीसाठी `k1` चे मूल्य म्हणजे चारही पोलांचा गुणाकार भागिले 19.6, आणि चिन्ह ऋण. त्यामुळे पोल थोडेसे डावीकडे सरकवले तरी गेन झपाट्याने फुगतात. -2, -2, -5, -5 असे पोल घेतले तर `k1` -5.1 येतो. चारही पोल -10 ला नेले तर तो -510 होतो, म्हणजे शंभरपट.

एलक्यूआरमध्ये पोल सांगायचे नसतात. कोणती चूक किती खपेल आणि किती बल परवडेल हे वजनांतून सांगायचे असते. रूढ नियम असा की प्रत्येक वजन म्हणजे परवडणाऱ्या कमाल मूल्याच्या वर्गाचा व्यस्तांक. स्थान 0.2 मीटर, कोन 0.1 रेडियन आणि बल 5 न्यूटन धरले, तर `k3` सुमारे -105 येतो. म्हणजे 0.1 रेडियन झुकावाला नियंत्रक साडेदहा न्यूटन मागतो, आपण सांगितलेल्या 5 न्यूटनच्या दुप्पट. इथे अनेकांची गल्लत होते. एलक्यूआरमधील वजन ही मर्यादा नसते, ती केवळ किंमत असते, म्हणून गेन हाती आल्यावर बलाचा हिशोब स्वतंत्रपणे करावाच लागतो. याच कारणाने पुढच्या फेरीत कोनाचे वजन काढून टाकले आणि स्थानाची मुभा 0.5 मीटरपर्यंत वाढवली.

```python
import numpy as np, control as ct
A = np.array([[0,1,0,0],[0,0,-0.98,0],[0,0,0,1],[0,0,21.56,0]])
B = np.array([[0],[1],[0],[-2]])
Kp = ct.acker(A, B, [-2,-2,-5,-5])
Kl, S, E = ct.lqr(A, B, np.diag([4,0,0,0]), np.array([[0.04]]))
```

(`place` ला एका इनपुटच्या यंत्रणेत पुनरावृत्त पोल चालत नाहीत, म्हणून येथे `acker` वापरले आहे.)

| | संथ पोल | जलद पोल (-10) | एलक्यूआर |
|---|---|---|---|
| `k1` | -5.1 | -510 | -10 |
| `k2` | -7.1 | -204 | -9.1 |
| `k3` | -47.8 | -566 | -51.2 |
| `k4` | -10.6 | -122 | -11.3 |
| 0.1 रेडियनला बल | 4.8 न्यूटन | 57 न्यूटन | 5.1 न्यूटन |

चारही गेन एकाच चिन्हाचे आहेत याकडे लक्ष द्यावे. गाडी उजवीकडे सरकली असेल तर नियंत्रक तिला आधी आणखी उजवीकडे ढकलतो, त्यामुळे लंबक डावीकडे झुकतो आणि मग गाडी त्याच्यामागे डावीकडे परतते. ही उलटी चाल या यंत्रणेच्या स्वभावातच आहे. ती चूक समजून `k1` चे चिन्ह बदलले की लंबक हमखास पडतो.

जलद पोलांचा रकाना पहिल्याच कसोटीवर बाद होतो. गाडी आणि लंबक मिळून वजन जेमतेम 10.8 न्यूटन असताना 57 न्यूटन बल मागितले, तर चाके घसरणारच. दुसरी कसोटी एन्कोडरची आहे. एका फेऱ्यात 2400 पायऱ्या मोजणारा एन्कोडर आणि दर 5 मिलिसेकंदांना वाचन असेल, तर एका पायरीच्या फरकातून काढलेला कोनीय वेग एकदम 0.52 रेडियन प्रति सेकंद दिसतो. `k4` ने गुणल्यावर संथ पोलांत आणि एलक्यूआरमध्ये ती साडेपाच-सहा न्यूटनची उडी होते, जलद पोलांत 64 न्यूटनची. लंबक जवळजवळ स्थिर असताना मोटार सतत करकरत असेल, तर कारण बहुधा हेच असते. त्यावर फिल्टर लावता येतो, पण फिल्टर विलंब आणतो. संथ पोल आणि एलक्यूआर सुमारे 80 मिलिसेकंदांचा विलंब सोसतात, तर जलद पोल केवळ 30.

मग संथ पोलच का घेऊ नयेत? याचे उत्तर कोनाच्या शून्याच्या चुकीत आहे. एन्कोडरचे शून्य 1 अंशाने चुकले, तर गाडी मध्यापासून दूर जाऊन थांबते, आणि ते अंतर `k3/k1` या गुणोत्तरावर ठरते. संथ पोलांत ते 16 सेंटिमीटर होते, एलक्यूआरमध्ये 9. एक मीटरच्या रुळावर मध्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास सेंटिमीटरच जागा असते, तेव्हा हा फरक लहान नाही. बल जवळजवळ तेवढेच असून हे साधते, ही एलक्यूआरची खरी कमाई आहे. त्याने निवडलेले पोलही बोलके आहेत: एक जोडी सुमारे -4.6 जवळ, म्हणजे अस्थिर पोलाच्या आरशातील प्रतिमेपाशी, आणि दुसरी -2.2 ± 2.1j. पहिली जोडी आपण हाताने -5 ला जवळपास बरोबर ठेवली होती, पण दुसऱ्या जोडीला थोडे दोलन देणे आपल्याला सुचले नव्हते.

म्हणून ज्याच्यासमोर खरी गाडी आहे त्याने एलक्यूआरने सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीला `k1` चा अंदाज हातानेच येतो: कोनाचे वजन काहीही असले तरी त्याचे मूल्य परवडणारे बल भागिले परवडणारे स्थान इतकेच असते, येथे 5 भागिले 0.5. ज्याला स्थिरावण्याची वेळ नेमकी दिलेली आहे, किंवा परीक्षेसाठी गेन कागदावर काढायचे आहेत, त्याला पोल प्लेसमेंट सोयीचे. मात्र त्यानेही जलद जोडी -4.64 च्या आसपासच ठेवावी.

एलक्यूआरच्या बाजूने अनेकदा 60 अंशांच्या फेज मार्जिनची हमी पुढे केली जाते. ती हमी चारही अवस्था थेट मोजल्या जात असतील तरच लागू होते. वेग अंदाजकातून घेतले तर अशी कोणतीही हमी उरत नाही, हे जॉन डॉयल यांनी 1978 मध्येच दाखवले. गाडी मध्याभोवती काही सेंटिमीटर संथपणे, नियमित लयीत पुढेमागे होत राहिली, तर तो प्रामुख्याने रुळाच्या स्थितिक घर्षणाचा परिणाम असतो, आणि पद्धत बदलून तो जात नाही. त्यासाठी बेअरिंग बदलावे लागते किंवा घर्षणाइतके बल वेगळे जोडावे लागते.