काळ्या-पांढऱ्या छपाईत आलेख टिकवायचा तर: गडद-फिका रंग, तुटक रेघ की नाव थेट रेघेवर?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत डीटीपी आणि बाइंडिंगचं काम करताना दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत एकच प्रकार पुन्हा पुन्हा बघतो. स्क्रीनवर झकास दिसणारा आलेख लेझर प्रिंटरमधून बाहेर आला, की त्यातलं कोण कुठलं तेच कळत नाही. गेल्या मोसमात भूगोलाचा प्रकल्प घेऊन एक मुलगी आली. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची जुलै-ऑगस्टमधली पातळी, २०१९, २०२१ आणि २०२४ अशा तीन वर्षांच्या तीन रेघा. शिवाय ३९ फुटांची इशारा पातळी पिवळ्या आडव्या रेघेनं आणि ४३ फुटांची धोका पातळी लाल रेघेनं दाखवलेली. पाच प्रती काळ्या-पांढऱ्या हव्या होत्या, कारण रंगीत पानाचा दर परवडत नव्हता. पहिलं पान हातात घेतल्यावर ती म्हणाली, "काका, पिवळी रेघ गेली कुठं?"

पिवळी गेलीच होती, पण खरी गोम बाकीच्या तिघींत होती. रंगाचं करड्यात रूपांतर साधारण या हिशेबानं होतं. प्रत्येक प्रिंटरचा हिशेब थोडा वेगळा असला, तरी अंदाजाला हा पुरतो:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

R, G, B म्हणजे रंगातल्या लाल, हिरव्या आणि निळ्याचे आकडे, आणि Y म्हणजे करडेपणा. त्यात ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे कोरा कागद. तिनं तीन वर्षांसाठी एक्सेलच्या `Office 2013 - 2022` थीममधले आणि दोन पातळ्यांसाठी `Standard Colors` मधले रंग घेतले होते, ते यात घालून बघा.

| रेघ | रंग | करडेपणा |
|---|---|---|
| २०१९ | नारिंगी `#ED7D31` | १५० |
| २०२१ | फिकट निळा `#5B9BD5` | १४२ |
| २०२४ | हिरवा `#70AD47` | १४३ |
| धोका पातळी | लाल `#FF0000` | ७६ |
| इशारा पातळी | पिवळा `#FFFF00` | २२६ |

डोळ्याला अगदी वेगळे वाटणारे तीन रंग कागदावर एकाच करड्याचे होतात. म्हणजे चूक प्रिंटरची नव्हती. तिनं रंग बदलून बदलून निवडले, पण गडदपणा सगळ्यांचा सारखाच ठेवला.

पहिला मार्ग म्हणून रंग ठेवायचे, पण गडद-फिक्याच्या क्रमानं निवडायचे. पडद्यावर रंगीत पीडीएफ दाखवायची आणि कागदावर काळी-पांढरी प्रत द्यायची असेल, तर एकच फाइल दोन्हीकडे चालते. स्तंभालेखासाठी मी गडद निळा `#08306B` (४३), मधला नारिंगी `#ED7D31` (१५०) आणि फिका पिवळा `#FFE08A` (२२३) हे त्रिकूट सुचवतो. फिक्या स्तंभाला काळी किनार हवीच, नाहीतर तो कागदात मिसळतो. चौथा रंग बसवायला गेलात, की अंतर कमी होऊन झेरॉक्सला दोन छटा एकमेकींत शिरतात. रेघांसाठी मात्र हा मार्ग मला पटत नाही. लेझर प्रिंटरमध्ये करडी शाई नसते. काळ्या टोनरचे बारीक ठिपके कमी-जास्त पेरून तो करडं भासवतो. रुंद स्तंभात हे ठिपके जमून जातात, पण एक पॉइंटाच्या रेघेत त्यांना जागाच नसते. मग रेघ किडे खाल्ल्यासारखी तुटते आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली, की अर्धी उडते.

दुसरा मार्ग म्हणजे रंग सोडून सगळं पूर्ण काळं ठेवायचं आणि फरक रेघेच्या जातीनं दाखवायचा: एक अखंड, एक तुटक, एक ठिपक्यांची. कितव्याही झेरॉक्सला हे टिकतं, म्हणून रेघांच्या आलेखाला माझं पहिलं मत यालाच. एक्सेलमध्ये रेघेवर उजवी टिचकी मारून `Format Data Series` उघडा, तिथं `Dash type` सापडेल. पण यात एक खोड आहे, ती आम्हाला पानावरच कळली. २०२१ची रेघ आम्ही लांब तुकड्यांची तुटक केली, आणि पुराचा शेंडा नेमका दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेत पडला. पूर आला होता, पण कागदावर त्याचं टोक दिसेना. म्हणून ज्या रेघेचं शिखर महत्त्वाचं, ती अखंड ठेवा किंवा तिच्यावर पाच-सहा दिवसांनी एक चौकोनी खूण आणि शिखरावर एक खूण हमखास ठेवा. तुटक रेघ इशारा आणि धोका पातळीसारख्या सरळ आडव्या रेघांनाच जास्त शोभते.

स्तंभांत रंगाऐवजी तिरक्या रेषांची नक्षीही भरता येते (`Pattern fill`). एक कोरा, एक भरीव काळा, एक तिरका एवढ्यावर थांबा. शेजारशेजारच्या दोन स्तंभांत उलटसुलट तिरक्या रेषा आल्या, की डोळे भिरभिरतात.

आता सूची. कुठली रेघ कशाची ते सांगणारी चौकटीतली सूची की नाव थेट रेघेवर? काळ्या-पांढऱ्यात मी जवळजवळ नेहमी नाव रेघेवरच लिहायला सांगतो. सूचीत रेघेचा नमुना जेमतेम सेंटिमीटरभर असतो. तेवढ्यात तुटक रेघेचे एक-दोन तुकडेच मावतात, म्हणून तुटक आणि तुटक-ठिपका यांतला फरक तिथं दिसतच नाही. म्हणजे ज्या खुणेनं ओळख पटवायची, तीच सूचीत हरवते. रेघेवर नाव लिहिलं, की ओळखीसाठी नजर इकडंतिकडं न्यावी लागत नाही. मात्र नाव उजव्या टोकाला लिहायची सवय इथं नडते, कारण पूर ओसरल्यावर ऑगस्टअखेर तिन्ही रेघा एकमेकींना चिकटतात. आम्ही "२०१९" आणि "२०२१" शिखरांपाशी लिहिलं, आणि "धोका पातळी, ४३ फूट" डाव्या कोपऱ्यात, जिथं आलेख मोकळा होता. एकाच पानावर सारखेच सहा छोटे आलेख असतील, तर मात्र प्रत्येकात नावं कोंबण्यापेक्षा एकच सूची बरी. त्यात नावांचा क्रम रेघांच्या वरून खाली येण्याच्या क्रमासारखाच ठेवा.

फॉन्टबद्दल थोडकंच. बहुतेकांचा घोटाळा फॉन्ट निवडण्यात नसतो, आकार मोजण्यात असतो. तिनं एक्सेलमध्ये २४ सेंटिमीटर रुंद आलेखात १० पॉइंट अक्षर ठेवलं होतं. बाइंडिंगचा समास सोडून पानावर साडेचौदा सेंटिमीटर जागा होती, तेव्हा अक्षर आकसून सहाच्या आसपास आलं. रोमन अक्षर सहा पॉइंटला कसंबसं वाचता येतं. देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार आणि वेलांटीची टोकं आधी जातात, आणि १ व ९ यांत गोंधळ होतो. आलेख आधीच साडेचौदा सेंटिमीटरचा करा आणि अक्षर ९ च्या खाली जाऊ देऊ नका. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी काहीही चालेल, फक्त `Light` वजन टाळून `Regular` किंवा `Medium` घ्या. अक्षर पूर्ण काळं हवं, करडं नको. गडद करड्या स्तंभावर पांढरे आकडे तर अजिबात नकोत, कारण ठिपके अक्षराच्या कडा कुरतडतात.

थोडक्यात ठरवायचं तर मोजके दोन-तीन स्तंभ असतील आणि रंगीत पीडीएफही द्यायची असेल, तर गडद-फिक्याचा मार्ग घ्या. रेघांचा आलेख असेल, किंवा प्रती झेरॉक्सवरच निघणार असतील, तर काळ्या रेघा, खुणा आणि रेघेवर नावं. पाच-सहा मालिका एकाच आलेखात असतील, तर दोन्ही मार्ग तोकडे पडतात. तिथं आलेख दोन करा.

छापायला देण्याआधी वर्डमध्ये आलेखाचं चित्र निवडून `Color` मध्ये `Grayscale` करून बघा, मग एक पान काढून त्याची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढा. तिच्या तिसऱ्या कागदावर सगळ्या रेघा ओळखू येत होत्या. फक्त इशारा पातळीची ठिपक्यांची रेघ विरळ पडत होती, म्हणून ती जाड केली आणि मग पाच प्रती काढल्या.