पगारपत्रकातल्या भत्त्यांवर रिफंड काढून देतो म्हणणाऱ्याने मला कसं बुडवलं

जुलै २०२४ मध्ये आमच्या ऑफिसातल्या अकरा जणांनी एकाच माणसाकडून रिटर्न भरून घेतलं. अकरावा मी. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या पगारपत्रकात एवढे भत्ते आहेत आणि कंपनी सगळ्यांवर कर कापते. मी ते सोडवून देतो." मी जुनी करप्रणाली निवडली होती, त्यामुळे मला ते पटलं. नव्या प्रणालीत एलटीए म्हणजे रजेतल्या प्रवासाचा भत्ता आणि मुलांचा शिक्षण भत्ता करमुक्त नसतात, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं माहीत नव्हतं, आणि तिथेच त्याने डाव साधला.

माझ्या पत्रकात एलटीए वर्षाला ४०,००० आणि मुलांचा शिक्षण भत्ता २४,००० आहे, शिवाय वाहतूक आणि औषधोपचार भत्ताही. त्याने काय केलं ते मला वर्षभराने कळलं. एलटीएचे ४०,००० त्याने पूर्ण करमुक्त दाखवले. प्रत्यक्षात रजा घेऊन देशात केलेल्या प्रवासाचं भाडंच करमुक्त असतं, तेही चार वर्षांच्या टप्प्यात दोनदाच. हॉटेल आणि जेवण त्यात येत नाही. त्या वर्षी वडील आजारी होते, आम्ही कुठे गेलोच नव्हतो! शिक्षण भत्त्याची मर्यादा त्या वर्षी एका मुलाला महिन्याला १०० रुपये होती, दोन मुलांपर्यंत. म्हणजे माझे २,४००, आणि ते कंपनीने फॉर्म १६ या करकपातीच्या दाखल्यात आधीच सोडलेले होते. त्याने सगळे २४,००० दाखवले. वाहतुकीचे १९,२०० आणि औषधांचे १५,००० ही सूट तर २०१८-१९ पासून सर्वसाधारण पगारदारांना मिळतच नाही. तिच्या जागी प्रमाणित वजावट आली. तरी ती त्याने लावली. एकूण ९८,२००, त्यातले ९५,८०० खोटे. फॉर्म १६ नुसार करपात्र उत्पन्न ७,८०,००० होतं, रिटर्नमध्ये ते ६,८४,२०० झालं. १९,९३० रुपयांचा रिफंड आला आणि त्याने ३,००० घेतले.

मला कळायला हवं होतं, आणि कधी तेही सांगतो. त्याने माझ्याकडून फक्त पगारपत्रकाचा आणि फॉर्म १६चा फोटो मागितला. प्रवासाचं एक तिकीट मागितलं नाही. प्रवास न करता प्रवासाची सूट! मी तिथेच थांबायला हवं होतं. नंतर फोनवर "ओटीपी सांगा" म्हणाला आणि मी सांगितला. तो माझी सही होता, हे मला तेव्हा उमगलं नाही. पण मी काही लोभी नाही. इतर दहा जणांना पैसे मिळालेले पाहून कुणाला शंका येते?

१४ जुलै २०२५ला आयकर खात्याने खोट्या वजावटींबद्दल देशभर १५० ठिकाणी तपास केल्याची बातमी आली, तेव्हा घाबरून मी आयकराचं पोर्टल उघडलं. प्रोफाइलमध्ये माझा ईमेलच नव्हता. त्याने स्वतःचा टाकला होता, म्हणजे खात्याच्या सूचना कुणाकडे जात होत्या ते उघड होतं. आजच तुमचा ईमेल आणि मोबाइल तिथे तपासा.

मग दारोदार फिरलो. पोलीस म्हणाले, "पैसे तुमच्याच खात्यात आले ना, मग फसवणूक कसली?" तक्रार घेतली नाही. आयकर कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, शेवटी एकाने ऐकवलं, "ओटीपी तुम्हीच दिलात, जबाबदारी तुमची." हेल्पलाइनवर चार वेळा तेच पाठ केलेलं उत्तर. कंपनीच्या पगार विभागाने हात झटकले: आम्ही तर बरोबरच कर कापला होता. खरंच कापला होता, तरी अकरा जणांना सावध करायला एक ओळीचा ईमेल पाठवता आला नाही का? कर भरणाऱ्याला दटावायला सगळे हजर, आणि असली रिटर्न शेकड्याने भरणाऱ्याला धरायला एकही नाही! मला याचा संताप येतो.

शेवटी चूक सुधारणारं अद्ययावत रिटर्न भरलं. १९,९३० परत, त्यावर व्याज, आणि दोन्ही मिळून होणाऱ्या रकमेवर २५ टक्के जादा कर, म्हणजे नुसत्या १९,९३० वरच सुमारे ४,९८२. त्या माणसाचे ३,००० गेलेच. आधी खात्याने पकडलं असतं आणि चुकीची माहिती दिल्याचं ठरलं असतं, तर दंड कराच्या २०० टक्के, म्हणजे ३९,८६०.

रिटर्न दाखल करण्याआधी त्यातलं करपात्र उत्पन्न फॉर्म १६शी ताडून बघा. फरक असेल, तर प्रत्येक रुपयाचा कागद मागा. पत्रकात भत्त्याचं नाव आहे म्हणून तो करमुक्त होत नाही. त्या माणसाचा फोन आता बंद आहे. उरलेल्या दहांपैकी तिघांनी अजून पोर्टल उघडलेलं नाही, मी रोज आठवण करतो.