परफ्यूम, अत्तर, उदबत्ती की सुगंधी मेणबत्ती? भेट देण्याआधी हे बघा

सुगंधी भेट घेताना बहुतेक जण दुकानात नाक लावून बघतात, आवडली की पॅक करायला सांगतात. गडबड तिथेच होते. दुकानात आपल्याला जो वास येतो तो न पेटवलेल्या, न लावलेल्या वस्तूचा असतो. घेणाऱ्याला मात्र त्याच वस्तूचा धूर, त्वचेवर बसलेला अर्क किंवा बंद खोलीत साचलेला दर्प सोसावा लागतो. शिवाय साडी आवडली नाही तर कपाटात ठेवता येते. वास एकदा सुटला की तो घेणाऱ्याच्याच नव्हे, घरातल्या सगळ्यांच्या नाकात जातो.

म्हणून मी या चारही वस्तूंना दोनच प्रश्न विचारते. दुकानात घेतलेला वास आणि घरी मिळणारा वास यांत किती अंतर आहे? आणि नको वाटला तर तो किती लवकर थांबवता येतो?

परफ्यूम: सगळ्यात महाग, सगळ्यात बेभरवशाचं

दोन्ही प्रश्नांत परफ्यूम मागे पडतं. बाटलीत मुख्यतः अल्कोहोल असतं आणि त्यात विरघळलेली सुगंधी तेलं. ही तेलं एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्रं, बर्गमोट यांसारखे हलके वास पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात. मग फुलांचे, मसाल्यांचे वास वर येतात आणि काही तास टिकतात. शेवटी उरतं ते चंदन, व्हॅनिला, अंबर, कस्तुरीच्या जातीचं जड काहीतरी, आणि तेच संध्याकाळपर्यंत अंगावर राहतं. दुकानातला माणूस कागदाच्या पट्टीवर फवारून लगेच आपल्या हातात देतो, आपण दोन मिनिटांत हो म्हणतो. म्हणजे आपण निवडलेला असतो तो लिंबाचा ताजेपणा, आणि भेट म्हणून जातो तो दिवसभराचा व्हॅनिला.

त्यात त्वचेचा फरक. तेलकट त्वचेवर वास जास्त टिकतो, कोरड्या त्वचेवर लवकर विरतो. दुपारी लोकलच्या गर्दीत घाम आल्यावर गोड, जड वास अंगावर येतात. बाटलीवरची ईडीटी आणि ईडीपी ही अक्षरंही बघावीत. ईडीटीमध्ये सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के असतो, ईडीपीमध्ये १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या उकाड्यात, ऑफिसला लावायला, ईडीटी बहुतेकांना पुरते. भेट घेताना मात्र 'जास्त स्ट्राँग म्हणजे जास्त चांगलं' असं समजून ईडीपी घेतली जाते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कस्तुरीसारख्या काही कृत्रिम रेणूंचा वास काही माणसांना जवळजवळ येतच नाही. नाक चांगलं असतं, फक्त तो एक वास त्यांना जाणवत नाही. अशा माणसाला कस्तुरीवर उभं असलेलं परफ्यूम दिलं तर 'याला काही वासच नाही' म्हणून तो जास्त फवारतो आणि शेजारच्या टेबलावरच्याचं डोकं दुखतं. ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांच्यात उग्र वासाने दुखणं सुरू होणं नेहमीचं आहे. अंगावर फवारलेलं परफ्यूम थांबवायचं कसं? कपड्यावर गेलं असेल तर कपडे बदलून धुवायलाच टाकावे लागतात.

परफ्यूम तेव्हाच द्यावं जेव्हा त्या माणसाची आत्ता वापरातली बाटली तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती संपत आली आहे. तीच द्या. नवीन शोधून देण्याचा मोह आवरा.

मेणबत्ती: देखणी, पण पंख्याखाली बिचारी

गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या भेटींत काचेच्या बरणीतली सुगंधी मेणबत्ती सगळीकडे दिसते. वास नको वाटला तर विझवता येते, त्यामुळे ही परफ्यूमपेक्षा निरुपद्रवी वाटते. पण आपल्या घरांत ती का चालत नाही, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

मेणात सुगंध साधारण ६ ते १० टक्के घातलेला असतो. ज्योत खालचं मेण वितळवते, आणि त्या वितळलेल्या तळ्याच्या पृष्ठभागावरून वास खोलीत पसरतो. तळं जेवढं मोठं तेवढा वास जास्त. पहिल्यांदा पेटवताना मेण बरणीच्या काठापर्यंत वितळू द्यावं लागतं. सात-आठ सेंटिमीटर रुंदीच्या बरणीला त्यासाठी अडीच-तीन तास लागतात. अर्ध्या तासात विझवली तर मध्येच खड्डा पडतो, आणि पुढच्या वेळी ज्योत त्याच खड्ड्यात उतरत जाते. कडेचं मेण तसंच राहतं. शेवटी वात स्वतःच्याच मेणात बुडते आणि निम्मी मेणबत्ती वाया जाते.

आता हे तीन तास आपल्या हॉलमध्ये कसे काढायचे? वर पंखा फिरत असतो. ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची काच काळी होते, दुसऱ्या बाजूचं मेण वितळतच नाही. वितळलेल्या तळ्यावरून उठणारा वास पंखा उडवून लावतो, म्हणून 'वास येत नाही' अशी तक्रार होते. पंखा बंद करून बसायचं तर नोव्हेंबरच्या आधी कुणी बसत नाही. त्यामुळे मेणबत्ती शोकेसमध्ये जाते आणि लाइट गेल्यावर उजेडासाठी बाहेर येते. सोया मेणाचं आणखी एक दुखणं म्हणजे ते मऊ असतं. उन्हाळ्यात त्याला तेल सुटतं, कुरियरच्या डब्यात ते पार वितळूनही जातं. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात पाठवायची असेल तर विचारही करू नका.

पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात, एकट्यादुकट्याने राहणाऱ्या, पुस्तक घेऊन शांत बसणाऱ्या माणसाला मेणबत्ती आवडते. त्यांना देताना एक चिठ्ठी जोडा: पहिल्यांदा पूर्ण पृष्ठभाग वितळू द्या, दर वेळी पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका. या तीन ओळी नसतील तर महागाची मेणबत्तीही काजळीच देते.

उदबत्ती: घरोघरी लागते, म्हणून चालेलच असं नाही

उदबत्ती प्रत्येक घरात लागते, म्हणून ती सुरक्षित भेट समजली जाते. पण ज्या घरात रोज लागते त्या घराचा वासही ठरलेला असतो. आजेसासूबाईंच्या काळापासून तोच पुडा येतो, आणि तुमची भेट देवघराच्या खालच्या कप्प्यात पडून राहते. काही घरांत बांबू जाळत नाहीत, तिथे काडीवाली उदबत्ती चालतच नाही, धूप किंवा ऊदच लागतो.

बाजारातल्या बऱ्याचशा स्वस्त उदबत्त्या कोळशाच्या भुकटीच्या काळ्या काड्या असतात. त्या पातळ केलेल्या सुगंधात बुडवून वाळवतात. पुडा उघडल्यावर भपकन वास येतो तो या वरच्या थराचा. पेटवल्यावर कोळसा आणि बांबूही जळतात, त्यामुळे धुराचा वास वेगळाच निघतो. मसाला उदबत्तीत सुगंधी चूर्णं पिठातच मळलेली असतात. पुड्याला तिचा वास कमी येतो, पण जळताना ती बरी लागते. म्हणून पुडा हुंगून उदबत्ती घेऊ नये. दुकानदाराला एक काडी लावायला सांगावी, दोन पावलं मागे जाऊन उभं राहावं आणि धुराचा वास घ्यावा.

ती मध्येच विझवता येते, पण धूर पडद्यांत आणि गाद्यांत मुरतो. उदबत्तीच्या धुरात बारीक कण भरपूर असतात, आणि दमा असलेल्याला ते लगेच जाणवतं. घरात इनहेलर असेल तर जळणारी कुठलीच वस्तू देऊ नये, मग ती कितीही 'हर्बल' असो.

अत्तर: थोडंसं, आणि माणूस बघून

चौघांत माझा कल अत्तराकडे आहे, कारण त्याचं प्रमाण घेणाऱ्याच्या हातात राहतं. तीन मिलिलिटरची कुपी, कानामागे एक बोट. नको वाटलं तर कापसाच्या फायावर घेऊन कपाटात ठेवता येतं. अल्कोहोल नसल्यामुळे ज्यांना ते चालत नाही अशा मुस्लिम मित्राला ईदला देण्यासारखी ही भेट आहे. दुकानातही ते मनगटावर लावून देतात, म्हणजे तासभर बाजारात फिरून मग ठरवता येतं. वाळा, मोगरा, गुलाब उन्हाळ्यात. हिना, शमामा थंडीत. हलक्या रंगाच्या रेशमावर मात्र डाग पडतो, ते सांगूनच द्यावं.

फसवणूक इथेही आहे. कनौजच्या जुन्या पद्धतीत फुलं तांब्याच्या देगेत शिजवून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. अस्सल चंदन तेल किलोला लाखाच्या वर जातं, म्हणजे दहा मिलिलिटर नुसत्या तेलाचेच हजाराहून जास्त होतात. दोनशे रुपयांत 'चंदनावर काढलेलं शुद्ध गुलाब अत्तर' मिळत असेल तर ते चंदनावर काढलेलं नाही. पातळ तेलात कृत्रिम वास मिसळलेला असतो. तो वाईटच असेल असं नाही, पण किंमत त्याच्या मानाने द्यावी.

एक उदाहरण

समजा ठाण्यात मावसबहिणीच्या वन बीएचकेची वास्तुशांत आहे आणि तुमच्याकडे हजार रुपये आहेत. घरात ती, नवरा, चार वर्षांचा मुलगा आणि दम्याच्या सासूबाई. तीन वातींची मोठी मेणबत्ती त्या हॉलला फार होईल, शिवाय लहान मुलाच्या हाताशी ज्योत आणि गरम काच नको. उदबत्तीचा गिफ्ट सेट सासूबाईंमुळे बाद. ती कुठलं परफ्यूम वापरते ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तेही बाद. अत्तर चाललं असतं, पण ते एकटीचं होतं आणि भेट घराला द्यायची आहे.

अशा वेळी धुऊन जाणारा किंवा उचलून बाजूला ठेवता येणारा सुगंध बघावा. चंदनाच्या चांगल्या साबणाच्या वड्या, घरगुती उटणं, आणि काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली वाळ्याची जुडी. साबण आणि उटण्याचा वास पाण्याबरोबर जातो, सासूबाईंच्या खोलीपर्यंत पोचत नाही. वाळा कपड्यांच्या कपाटात ठेवता येतो किंवा माठात सोडता येतो, त्रास झाला तर दोन सेकंदांत बाहेर काढता येतो. एवढं घेऊनही हजारातले पैसे उरतील, त्यांत एक मोगऱ्याचं रोप घ्या. वाळा देताना मावसबहिणीला एवढं सांगा, की मुळांना माती असते, म्हणून माठात टाकण्याआधी दोन पाण्यांनी धुवून घे, आणि पाण्याचा वास कमी झाला की जुडी बदल.