कोल्हापूर–न्यूयॉर्क टीम: रोजची मीटिंग की लेखी कामकाज?

कोल्हापुरात चार डेव्हलपर आणि न्यूयॉर्कमध्ये दोन, अशा टीमचा करार लिहायला बसलात की पहिला निर्णय हाच येतो.

| | रोज ४५ मिनिटं | लेखी काम, आठवड्यात एक मीटिंग |
|---|---|---|
| अडलेला प्रश्न | त्याच संध्याकाळी सुटतो | बहुधा दुसऱ्या सकाळी |
| संध्याकाळ | पाचही दिवस अडकते | एकच दिवस |
| कधी बरं | गरजा अजून बदलत असताना | कामाची व्याख्या पक्की असताना |

मीटिंगची वेळ कुठल्या शहराच्या घड्याळाला बांधायची, हे करारात लिहाच. भारतात घड्याळ बदलत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६:३० म्हणजे तिथले सकाळचे ९. इनव्हाइट `America/New_York` वर असेल, तर हिवाळ्यात तीच मीटिंग आपल्याकडे ७:३० ला सरकते आणि कागल किंवा जयसिंगपूरला घरी परतणाऱ्यांची पंचाईत होते. `Asia/Kolkata` वर ठेवली, तर हिवाळ्यात तिकडच्यांना ८ वाजता बसावं लागतं. रोजच्या मीटिंगसाठी आम्ही दुसरा पर्याय सुचवू, कारण इथे चौघांची संध्याकाळ वाचते. मात्र तिकडच्या दोघांची संमती आधी घ्या.

लेखी पद्धत निवडलीत तर सगळी भिस्त उत्तराच्या मुदतीवर. ‘२४ तासांत उत्तर’ हा नियम फसतो. न्यूयॉर्कहून उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी ४ ला आलेला प्रश्न इथे शनिवारी पहाटे १:३० ला पोचतो. मुदत रविवारी पहाटे संपते, म्हणजे एक तर सुट्टी मोडते नाही तर नियम. त्याऐवजी ‘प्रश्न आल्यानंतर उत्तर देणाऱ्याचा जो कामाचा दिवस आधी सुरू होईल, त्या दिवशी त्याच्या दुपारी १२ पर्यंत’ असं लिहा. मग सोमवारी १२ पर्यंत उत्तर गेलं तरी न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रात्रीचे २:३० असतात. त्यांच्या सोमवार सकाळचं काहीच बुडत नाही.

उलट दिशेला मात्र फटका बसतो. आपण मंगळवारी सकाळी ११ ला विचारलं, तर त्यांच्या दुपारी १२ चं उत्तर इथे रात्री ९:३० ला येतं आणि वाचलं जातं बुधवारी. त्यात ‘नेमका कुठला एरर?’ असा प्रतिप्रश्न असला की आणखी एक दिवस गेला. म्हणून प्रत्येक प्रश्नात काय करून पाहिलं, एररचा पूर्ण मजकूर आणि ‘उत्तर न आल्यास उद्या मी अमुक करेन’ हे लिहायची सक्ती ठेवा. डेटा पुसणं किंवा ग्राहकापर्यंत रिलीज नेणं अशा कामांना हे शेवटचं वाक्य लागू नाही. तिथे होकार येईपर्यंत थांबायचं.

सर्व्हर बंद पडला तर दोन्ही पद्धतींत चॅट नको, थेट फोन. इथलं ऑफिस १० ते ७ आणि तिथलं ९ ते ५ धरलं, तर उन्हाळ्यात आपल्या पहाटे २:३० पासून सकाळी १० पर्यंत कुणीच कामावर नसतं. आपल्याकडे ती झोपेची वेळ, तिकडे संध्याकाळ ५ ते रात्री १२:३०. त्यामुळे या साडेसात तासांतला फोन न्यूयॉर्कच्या पाळीवर ठेवा आणि कुठल्या आठवड्यात कुणाची पाळी, हे करारातच लिहा.

गरजा बदलत असतील तर पहिले सहा आठवडे रोजची मीटिंग घ्या. मग प्रतिप्रश्न मोजा: बहुतेक प्रश्न एकाच उत्तरात सुटायला लागले, की लेखी पद्धतीवर या.